पुलाचा निकाल

मेजर वाल्मीक बोरस्ते मूळचे निफाडचे. डोकं शांत, पण खोटं दिसलं की तळपायाची आग मस्तकात जायची. २००२ च्या सुरुवातीला त्यांना अशीच आग लागली.

नाशिकजवळच्या छावणीतल्या एका ब्रिगेडमध्ये ते स्टाफ अधिकारी होते. सीमेवर तणाव होता, हुकूम कधीही येणार होता. कामगिरी, जमीन, शत्रू, वेळ, सगळं तोलून योजना तयार झाली होती: कालवा ओलांडायचा, एका पुलावरून तोफा पुढे न्यायच्या आणि मागून दारूगोळा. लढाईआधी ती नकाशावर खेळून पाहायची होती. एक गट आपला, दुसरा शत्रूचा आणि निकाल द्यायला पंच. शत्रू झाले वाल्मीक. शत्रूने शत्रूसारखंच वागायचं, हाच या खेळाचा धर्म.

नकाशावर तोफा पलीकडे जाऊ दिल्या आणि वाल्मीकांनी शत्रूच्या तोफांनी पूल उडवला. पंच म्हणून बसलेल्या कर्नलांनी तोफांचा पल्ला मोजला, नेम लागला की नाही हे ठरवायला फासे टाकले. पूल गेला. पुढच्या तोफांचा दारूगोळा संध्याकाळपर्यंत संपणार होता. दुसरा पूल टाकायची सामग्री योजनेत नव्हतीच. पलीकडची माणसं रिकाम्या तोफा घेऊन मरणार होती.

ब्रिगेडियर खुर्चीतून उठले. "शत्रू असं करणार नाही. पूल शाबूत धरा."

कर्नलांनी होकारार्थी मान डोलावली. पंच म्हणे! साहेबांच्या भुवया वाचून निकाल देणारा कसला पंच?

वाल्मीकांनी पुढच्या चालीत पूल पुन्हा उडवला. कर्नल पुटपुटले, "शत्रूच्या तोफा नष्ट झाल्या."

"कुणी केल्या, सर?"

"बोरस्ते, खाली बसा."

ते बसले. दिवसअखेर आपला गट जिंकला. अहवालात 'योजनेची चाचणी यशस्वी' असं लिहिलं गेलं. पूल उडाल्याचा उल्लेखही करू दिला नाही.

सुट्टीत घरी आले तेव्हा ताटावर बसूनही ते धुमसत होते. त्यांच्या आई सिंधुबाई म्हणाल्या, "वाल्मीक, कोनावर येवढा चिडलाय रं? जेव की."

"आई, नकाशावर पुलापलीकडं आपलीच माणसं मेली. आणि वर सांगितलं, कुणी मेलंच नाय."

पुढे वर्ष सरलं, लढाई झालीच नाही. मेसमध्ये लोक हसून म्हणायचे, "बघा बोरस्ते, उगाच रागावलात." या वाक्याने त्यांना पुलापेक्षा जास्त संताप यायचा. लढाई टळली म्हणून योजना बरोबर ठरते की काय?

बदली झाली. जागेवर आलेल्या मेजर कुंदन गायखेंना त्यांनी तिजोरीतली तीच योजना सोपवली. गायखेंनी शेवटच्या पानावरचा 'चाचणी यशस्वी' हा शेरा पाहिला.

"ही तपासलेली आहे. म्हणजे पुन्हा खेळायची गरज नाही?"

वाल्मीकांचा आवाज चढला. "पहिल्याच आठवड्यात खेळा! पंच बाहेरच्या ब्रिगेडमधून आणा. त्या खेळात शत्रू मी होतो, गायखे. मी जिंकलो होतो."