june नावाचा एक व्हेरिएबल

आमच्या गल्लीतून पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत गेलेला पहिला माणूस म्हणजे शेजारचा भाऊ. भाऊ म्हणजे सख्खा नव्हे; दोन घरांत एकच भिंत, आणि तो माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. त्याच्या आईला मी अक्का म्हणायचे. धुळ्यात आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मुलीनं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करावं हे पटवून देणारा हा भाऊच. "नाना, हिचं डोकं वाया घालवू नका," असं तो दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाला होता. त्यामुळे मी जळगावला कॉलेजात गेले, होस्टेलवर राहिले, आणि माझ्या मनात त्याची जागा फार वरची झाली.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. कॉलेजात सी प्लस प्लस शिकवायचे ते परीक्षेपुरतं. मला मात्र एका गोष्टीनं पछाडलं होतं. प्रोग्रॅम चालता चालता मेमरी मागून घेतो, आणि काम झालं की ती त्यानंच परत करायची असते. पण ती एकच मेमरी तीन-चार जण वापरत असले, तर परत कोणी करायची? कोणीच केली नाही तर ती अडकून पडते. दोघांनी केली तर त्याहून वाईट. मी ठरवलं, आपण असा पॉइंटर, म्हणजे मेमरीचा पत्ता धरून ठेवणारा कोड, लिहायचा जो स्वतःच हिशेब ठेवील: आपल्यासोबत ही मेमरी आणखी किती जण वापरताहेत. शेवटचा वाटेकरी गेला की तोच मेमरी परत करील.

अशी गोष्ट जगात आधीच कोणी केली असेल हे मला माहीत नव्हतं. होस्टेलवर, लॅबमध्ये, सुट्टीत धुळ्याला एका कॉम्प्युटर शिकवणीच्या मशीनवर बसून मी तो कोड लिहिला. त्याला नाव दिलं Dhani, म्हणजे धनी, मालक. वाटेकरी मोजणाऱ्या आकड्याचं नाव vatekari. एका ठिकाणी जुना पॉइंटर बाजूला धरून ठेवायला एक व्हेरिएबल लागत होता, त्याला नाव दिलं june. जुने, म्हणून june.

दिवाळीत भाऊ घरी आला तेव्हा मी त्याला ते दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवून दिलं, सोबत प्रिंटआउटही; मूळ फ्लॉपी माझ्याकडेच राहिली. अक्कांच्या ओट्यावर बसून त्यानं प्रिंटआउट वाचला. शेवटचं पान संपल्यावर पुन्हा पहिल्या पानावर गेला. मग म्हणाला, "हे तू एकटीनं लिहिलंस?"

"हो."

"पुण्यात पोरं पगार घेऊन असं लिहीत नाहीत गं."

त्या एका वाक्यावर मी पुढचे कित्येक महिने तरंगत होते.

त्यानंतर मला त्यात एक चूक सापडली. एक पॉइंटर दुसऱ्याला द्यायचा तर माझा कोड आधी आपला जुना वाटा सोडायचा, मग समोरच्याचा घ्यायचा. पण कोणी तोच पॉइंटर त्यालाच दिला तर? वाटेकरी एकटाच असला तर वाटा सोडताना आकडा शून्य होणार, मेमरी परत जाणार, आणि पुढच्याच ओळीत आपण ती परत केलेली मेमरी पुन्हा धरणार. गंमत अशी की माझ्या मशीनवर बहुतेक वेळा सगळं व्यवस्थित चालायचं. परत केलेल्या जागेत जुनेच आकडे पडून असायचे. कधीतरी मात्र मशीन लटकायचं, आणि तेही भलत्याच ठिकाणी. म्हणून ती चूक इतके दिवस सापडली नव्हती.

मी होस्टेलजवळच्या एसटीडी बूथवरून भाऊला पुण्याला फोन केला. घाईघाईत सगळं सांगितलं. म्हटलं, आधी समोरच्याचा आकडा वाढवायचा, मग आपला कमी करायचा. मग स्वतःलाच दिला तरी आकडा एकाचा दोन होतो, दोनाचा परत एक. मेमरी जात नाही.

"बरोबर," तो म्हणाला. "छान पकडलंस. बघतो मी."

शेवटच्या वर्षी त्याच कंपनीनं आमच्या कॉलेजात मुलाखती ठेवल्या. कॉम्प्युटरच्या डिस्क आणि त्या चालवणाऱ्या ड्रायव्हर प्रोग्रॅमचं खास काम करणारी कंपनी, म्हणून अगदी थोडी मुलं घेणार होते. धुळ्याच्या कॉलेजातलीही मुलं आली होती. मला वाटत होतं भाऊ येणार असेल तर आधी कळवील. त्यानं कळवलं नव्हतं. दार उघडून आत गेले तर टेबलामागे दोघे. एक साठीकडे झुकलेले साहेब, आणि शेजारी भाऊ. मी हसले. त्यानं मान हलवली, ओळख नसल्यासारखी. मला वाटलं, बरोबरच आहे, मुलाखतीत असंच असणार.

साहेबांनी सुरुवात साधी केली. भाषेच्या नव्या स्टँडर्डमधला auto_ptr हा पॉइंटर माहीत आहे का? मी म्हटलं, होय, त्याची कॉपी केली की मालकी नव्याकडे जाते आणि पहिला रिकामा होतो. म्हणून तो व्हेक्टरमध्ये, म्हणजे भाषेतल्या तयार यादीत, ठेवता येत नाही. साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"मग मालकी वाटून घ्यायची असेल तर?" असं म्हणत त्यांनी एक छापील पान माझ्यापुढे सरकवलं. "आमच्याकडे हे वापरतात. ह्यात एक चूक मुद्दाम ठेवली आहे. शोधा."

पहिल्या ओळीत Owner असं नाव होतं. आकड्याचं नाव count. मी वाचत गेले. मला आधी फक्त ओळखीचं वाटलं, चालत चालत आपल्याच गल्लीत यावं तसं. मग मधोमध ती ओळ आली. june.

साहेब माझी नजर पाहून म्हणाले, "हां, त्या जूनकडे लक्ष देऊ नका. आमच्याकडे सगळे विचारतात. बहुतेक जून महिन्यात लिहिलं असावं." आणि भाऊकडे पाहून हसले.

भाऊ चहाच्या कपाकडे पाहत होता.

मी ती ओळ पुन्हा वाचली. मग उत्तर दिलं. पॉइंटर त्याचा त्यालाच दिला तर काय होतं ते सांगितलं, आधी वाढवायचं आणि मग कमी करायचं हेही सांगितलं.

"आणि न सुधारता चालवला तर स्क्रीनवर काय दिसेल?"

"सांगता येत नाही, सर. भाषा इथे कसलंच वचन देत नाही. आज बरोबर आकडा दिसेल, उद्या दुसऱ्या कंपायलरवर प्रोग्रॅम कोसळेल. बरोबर दिसला तरी तो बरोबर नसतो."

"सकाळपासून प्रत्येकजण मला एक आकडा सांगतोय," साहेब म्हणाले. ते खुर्चीत पुढे झाले होते. "एवढ्या लवकर कसं सापडलं तुम्हाला?"

मी भाऊकडे पाहिलं. मला खरंच वाटलं, आता तो बोलेल. सांगेल की सर, हिचंच आहे. मी वाट पाहिली. त्यानं कप उचलून एक घोट घेतला.

"सर, हा कोड मी लिहिलाय," मी म्हणाले. "ते june म्हणजे महिना नाही. जुने. जुना पॉइंटर."

साहेबांनी पान स्वतःकडे फिरवून पाहिलं. मग भाऊकडे. "काय रे?"

भाऊ अगदी शांतपणे, जवळजवळ मायेनं बोलला. "सर, ही आमच्या शेजारची. मला आधी सांगायला हवं होतं. दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा हिला हा कोड समजावून सांगितला होता. ही चूकसुद्धा आम्ही बोललो होतो, फोनवर. हुशार आहे ती. पण तिनं हे पाहिलेलं आहे."

त्यातला प्रत्येक शब्द खरा वाटेल असा होता. ओटा खरा, दिवाळी खरी, फोन खरा.

"माझ्याकडे मूळ फ्लॉपी आहे," मी म्हटलं.

"इथे आहे?"

"धुळ्याला आहे."

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. प्रोग्रॅममधल्या दोन वस्तूंनी असेच पॉइंटर वापरून एकमेकींना धरून ठेवलं तर काय होईल? मी म्हणाले, दोघींचाही आकडा कधी शून्यावर येणार नाही, बाहेरचे सगळे गेले तरी मेमरी अडकून राहील. साहेबांनी भाऊकडे पाहिलं. "हेही बोलला होतात?"

"हो सर."

हे आम्ही कधीच बोललो नव्हतो. पण आता मला जे जे येत होतं ते सगळं त्याच्याकडून आलेलं ठरत होतं. साहेब हळूच म्हणाले, "बाळ, तुला येतं हे मला दिसतंय. पण बाकीच्या मुलांवर अन्याय करून मी तुला घेऊ शकत नाही."

दुसऱ्या दिवशी एसटीनं धुळ्याला गेले. आईनं दारातच अहिराणीत विचारलं, "काय व्हयनं व माय?" मी सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "तो तर आपला घरना पोऱ्या शे. काहीतरी चुकीसन व्हयनं हुई." आपल्या घरचा मुलगा मुद्दाम असं करील हे तिला पटेना. नाना मोटारीचं कॉइल गुंडाळत ऐकत होते. त्यानंतर ते भाऊविषयी कधी बोलले नाहीत.

पुढच्या सणाला भाऊ घरी आला. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तो पलीकडच्या गच्चीवर आला. मधल्या कठड्यापाशी येऊन म्हणाला, "रागावलीस?"

"तू तुझ्या नावानं दिलंस ते कंपनीत."

"अगं, मी नवीन होतो. दाखवायला काहीतरी हवं होतं. मग ते सगळीकडे वापरात गेलं, आता मागे कसं घेणार?" तो थांबला. "आणि खरं सांगू? तो प्रश्न मीच ठेवायला लावला. तुझ्यासाठी. तुला येणारच होता. तू फक्त उत्तर देऊन गप्प बसायचं होतंस. आज पुण्यात असतीस."

त्याला ते खरंच वाटत होतं. माझं नुकसान माझ्या तोंडामुळे झालं असं तो मला समजावत होता, जसं कधीकाळी नानांना माझं शिक्षण समजावलं होतं. मी टोपली उचलली आणि खाली आले.

मी नंतर नाशिकला एका छोट्या कंपनीत लागले. काम बरं होतं, माणसंही बरी होती. कोणाला काही दाखवायचं असलं की मात्र माझा हात आखडायचा, आणि ते मला आवडायचं नाही.

घरी आले की अक्का भिंतीपलीकडून हाक मारायच्या. मी जात नसे. आईकडून त्यांच्या कानावर काहीतरी गेलं असावं; एकदा त्यांनी मला दळण आणताना रस्त्यातच गाठलं. "माझ्या पोराने तुझं काय घेतलं गं?" त्या म्हणाल्या. "सांग मला. असेल तर मी आणून देते."

त्यांचे डोळे भरले होते. मी दळणाचा डबा या हातातून त्या हातात घेतला. काय घेतलं ते त्यांना समजेल असं सांगायला मला शब्दच सापडेना. फ्लॉपी तर माझ्या कपाटात जागच्या जागी होती.

"काही नाही, अक्का," मी म्हटलं, आणि त्यांच्यासोबत गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेले.