स्वाधीन करण्यात आली

आमच्या अनाथाश्रमाच्या दफ्तरात बाई एकतीस वर्षं होत्या आणि त्या एकतीस वर्षांत त्यांनी कोणाचंही नाव कशाला चिकटू दिलं नाही. बाळ 'आणण्यात आले', दूध 'पाजण्यात आले', ताप 'मोजण्यात आला'. कोणी आणलं, कोणी पाजलं, विचारायची सोय नाही. त्यामुळे सगळे त्यांना आलेबाई म्हणायचे. वरच्या मजल्यावर बाळं सांभाळणाऱ्या मावश्या मुद्दाम विचारायच्या, "आलेबाई, डबा खाण्यात आला का?" बाई चेहरा जराही न हलवता सांगायच्या, "खाण्यात आला. पण भाजीत मीठ घालण्यात आलं नव्हतं."

मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं एक वाक्य खोडलं. 'आईने बाळ संस्थेत सोडले' असं मी लिहिलं होतं.

"पोरी, हा कागद उद्या कोणाच्या हाती पडेल सांगता येतं का?" त्या म्हणाल्या. "लग्नाआधी आई झालेली मुलगी. तिचं नाव तर नकोच, पण 'आईने' हा शब्दही नको. 'बाळ दाखल करण्यात आले.' बस. करणारा दिसला नाही की त्याच्यावर बोट ठेवता येत नाही."

मला ते पटलं होतं. आजही अर्धं पटतं. आपलंच माणूस आपल्याशी 'माझ्याकडून चहा पिण्यात आला' असं बोललं तर आपण त्याला वेड्यात काढू. पण काही कागदांवर तसं लिहिणं ही माया असते. बाईंना ती माया होती. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी त्या दर गुरुवारी यायच्या आणि विटलेल्या शाईच्या जुन्या नोंदी मला वाचून दाखवायच्या.

अशाच एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला ती आली. चौतीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात काम करणारी. नऊ दिवसांची असताना ती आमच्याकडे आली होती, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. बारा वर्षांपूर्वी तिच्या जन्मदात्या आईने आमच्याकडे अर्ज दिला होता, मुलीला भेटायचंय म्हणून. मी मुलीला कळवलं होतं आणि नियमाप्रमाणे तिच्या नोंदीची नक्कलही पाठवली होती. तिने आठ दिवसांत उत्तर दिलं: भेटायचं नाही.

"आता भेटायचंय," ती म्हणाली. "मला मुलगी झाली. सात महिन्यांची आहे. एवढी वर्षं राग धरला, पण आता वाटतं, निदान तोंडावर विचारावं तरी."

अर्जावरचा नंबर मी फिरवला. तिच्या आईच्या बहिणीने उचलला. चार महिन्यांपूर्वी आई गेली होती.

मी फोन ठेवला आणि सांगितलं. गोड करून सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. ती रडली नाही. पिशवीतून घडी पडून चिरलेली ती जुनी नक्कल काढून तिने टेबलावर ठेवली. 'बालिका, वय नऊ दिवस, संस्थेच्या स्वाधीन करण्यात आली.'

"बारा वर्षं हे एक वाक्य वाचतेय," ती म्हणाली. "नऊ दिवस अंगावर पाजलं आणि मग स्वाधीन केलं. कसं जमलं असेल हो तिला?"

खिडकीपाशी बसलेल्या बाईंनी कागद ओढून घेतला. अक्षर त्यांचंच होतं. त्यांनी तारीख वाचली, मग पुन्हा वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

"तिने नाही केलं," बाई म्हणाल्या.

"मग इथे..."

"इथे कोणाचंच नाव नाही. तू तिचं घातलंस. बाळाच्या बाबतीत नाव नसलं की सगळे आईचंच घालतात. मला एकतीस वर्षांत हे सुचलं नाही." त्यांनी कागद तिच्याकडे वळवला. "तुझ्या आजोबांनी तुला आणलं. तुझी आई तापाने फणफणली होती, तिला शुद्ध नव्हती. 'आजोबांनी स्वाधीन केली' असं लिहायला मला काही जास्त शाई लागली नसती. शाळेत दोन्ही वाक्यांना कर्मणीच म्हणतात. पण त्यात म्हातारा दारात उभा दिसला असता."

मला वाटलं, झालं सांगून. पण बाईंचं झालं नव्हतं.

"तू इथे आल्यावर विसाव्या दिवशी तुझी आई आली होती. पायी. पोलक्यावर दुधाचे डाग होते. तिथे, त्या बाकावर बसली. मी तिला सांगितलं, दत्तक देण्याचा निर्णय घेण्यात आला आहे. तिने विचारलं, कोणी घेतला? मी म्हटलं, घेण्यात आला आहे. तीनदा विचारलं, तीनदा तेच सांगितलं. तू वरच्या मजल्यावर झोपली होतीस. तुला न्यायला दुसऱ्या दिवशी येणार होते. मी जिना चढून संस्था चालवणाऱ्या मोठ्या बाईंना एवढंच सांगायचं होतं, की आई आलीय. मी उठले नाही."

"का?" मुलीने विचारलं.

"जेवणाची वेळ झाली होती," बाई म्हणाल्या आणि हुंदका देऊन रडू लागल्या. मला त्यांचा संताप आला आणि त्यांना जवळही घ्यावंसं वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही.

कारण आता कबूल करायची पाळी माझी होती. कपाटातून फाईल काढली. मुलीचा नकार आला तेव्हा मी तिच्या आईला कळवलं होतं, 'भेट नाकारण्यात आली आहे.' बाईंच्याच हाताखाली शिकलेली मी. त्यावर आईचं एक कार्ड आलं होतं. फाईल बंद झाली म्हणून मी ते आत लावून टाकलं होतं, पुढे पाठवलं नव्हतं. आता ते मुलीच्या हातात दिलं.

'तुम्ही लोकांनी पुन्हा नाहीच म्हटलंत. तेव्हाही तुम्हीच म्हटलं होतंत. माझ्या मुलीला निदान एवढं सांगा, मी तिला न्यायला आले होते.'

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"म्हणजे तिला कळलंच नाही," ती हळूच म्हणाली, "की नाही मी म्हटलं."

"नाही. तिला वाटलं, आम्ही."

आता कुठे तिला रडू फुटलं. बराच वेळ ती कार्ड छातीशी धरून रडत राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "नोंदीत लिहा. झालं तसं."

बाईंनी पेन घेतलं. एकतीस वर्षांची सवय. पहिला शब्द उमटायलाच वेळ लागला. 'बालिकेला तिच्या आजोबांनी आणले. विसाव्या दिवशी तिची आई तिला न्यायला आली. मी तिला परत पाठवले.' खाली त्यांनी पूर्ण नाव लिहून सही केली. मी लिहिलं, 'आईचे कार्ड मी मुलीला पाठवले नाही.' सही केली.

मुलीने हात पुढे केला. माझ्या जुन्या पत्राची प्रत तिने स्वतःकडे ओढली, 'भेट नाकारण्यात आली आहे' यावर एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'आई, मी नाकारली.'