दुसऱ्या वाचकाच्या खुणा

एल्काना मदमोनी चार वर्षांचा होता तेव्हा पुस्तक उलटं वाचायला शिकला. यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. येमेनमधल्या साना शहराच्या गल्लीत बाप आठ पोरांना शिकवायचा आणि ग्रंथ एकच. पोरं गोल बसायची, ज्याच्या वाट्याला जी बाजू येईल तिकडून अक्षरं गिरवायची. एल्कानाची जागा बापाच्या समोर. त्यामुळे पुढे जेरुसलेमला आल्यावर सुद्धा सरळ पान हातात आलं की तो क्षणभर गोंधळायचा.

त्याची बायको तिरझा त्याला यावरून आयुष्यभर चिडवत आली. ती युरोपातल्या चेर्नोवित्सची, रीतसर शाळेत शिकलेली. "कागद उलटा वाचता येतो हो तुला," ती म्हणायची, "पण उलटून वाचायचं तेवढं जमत नाही."

चिडवणं खोटं नव्हतं. दोघं एका संस्थेत जुन्या हिब्रूच्या कोशाचं काम करायची. शेकडो वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्यांची, विधवांची, गावपंचांची पत्रं. त्यातलं एकेक वाक्य चिठ्ठीवर उतरवलेलं. वाक्य लांबलं की उरलेलं चिठ्ठीच्या पाठीवर. तिरझाने पाठ बघितल्याशिवाय पेन्सिल कधी टेकवली नाही. एल्काना घाईचा. पुढचं वाचलं, कळलं, चला पुढे.

त्यांच्याकडे आलेली क्रियापदं म्हणजे सगळ्या कोशातली अवघड जात. लिहिणं, तोडणं, चालणं ही कामं. 'काताव्ती' म्हटलं की मी लिहिलं, विषय संपला. पण म्हातारं असणं, जड असणं, माहीत असणं, प्रेम असणं ही कामं नव्हेत, या अवस्था. नवीन माणूस आला की एल्काना त्याला समोर बसवून सांगायचा, "झाकेन म्हणजे म्हातारा. त्याला 'मी'ची शेपटी लाव. झालं झाकान्ती. म्हणजे 'म्हातारा-मी'. मुळात ते क्रियापद नव्हतंच रे, वर्णनाला माणूस चिकटवलाय. रूप दिसतं झालेल्या कामासारखं, पण सांगतं ते अवस्था. म्हातारपण आलं, आणि आलं ते काय परत जातंय? म्हणून झाकान्ती म्हणजे मी म्हातारा आहे, आत्ता, तुझ्यासमोर."

आपण मराठीत 'दमले गं बाई' म्हणतो तेव्हा बाई काल दमलेली नसते, आत्ता पंख्याखाली बसलेली असते. तसंच हे.

घोळ पुढेच आहे. त्या रूपावर काळ लिहिलेला नसतो. 'आहाव्ती' म्हणजे माझं प्रेम आहे, किंवा माझं प्रेम होतं. आजच्या बाजारात त्याचा एकच अर्थ, होतं, संपलं. पण त्या पत्रांचे लेखक बोलायचे एक आणि लिहायचे शास्त्रातल्या जुन्या भाषेत. त्यामुळे प्रत्येक चिठ्ठीला आजूबाजूच्या शब्दांवरूनच ठरवावं लागे. म्हणून नियम होता दोन वाचकांचा. एल्काना आपला निकाल वहीत लिही. तिरझा वही न बघता चिठ्ठीवरच पेन्सिलने खूण करी. उभी रेघ म्हणजे अवस्था अजून उभी आहे, आडवी रेघ म्हणजे सरली. खाली सही आणि तारीख. मग ताडून पाहायचं, आणि जिथे पटलं नाही ती चिठ्ठी प्रमुखाकडे. एकाने दुसऱ्याच्या खुणेला हात लावायचा नाही. चौतीस वर्षं हे चाललं, आणि शंभर चिठ्ठ्यांमागे सहा-सात भांडणं ठरलेली. ती भांडणं घरी लाहूहच्या, त्या येमेनी आंबोळीच्या, ताटावर सुद्धा चालू राहायची.

मग दोन वर्षांपूर्वी तिरझाने चहाच्या डब्यात चष्मा ठेवला. हसण्यावारी नेलं. मग ती बाजारातून परत येताना घर चुकली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा एल्काना संतापला होता, जणू त्या पोरगेल्या डॉक्टरनेच रोग आणला. संस्थेत त्याने कुणाला काही सांगितलं नाही. "गुडघे दुखतात तिचे," एवढंच. चिठ्ठ्या तो घरी नेऊ लागला. तिरझा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाचायची आणि ते दोन तास तिचा चेहरा पूर्वीचा असायचा. त्या दोन तासांसाठी त्याने काहीही केलं असतं.

आणि त्याने केलंच. खुणांमध्ये वेडंवाकडं दिसू लागलं. एका चिठ्ठीवर तिने रेघेऐवजी 'कांदे' लिहिलं. ते त्याने खोडलं आणि उभी रेघ ओढली. मग तिच्या आडव्या रेघा वाढल्या. सरलं, सरलं, सरलं. जिथे पत्रात स्वच्छ 'माझं प्रेम आहे' दिसत होतं तिथेही सरलं. हिला आता सगळंच संपलेलं दिसतंय, त्याला वाटलं. मग तो एकेक आडवी रेघ पुसायचा आणि तिच्यासारखा हलका हात ठेवून उभी काढायचा. सही आणि तारीख मात्र तिचीच राहू द्यायचा.

मागच्या हिवाळ्यात संस्थेची प्रमुख ओस्नात त्याला खोलीत घेऊन गेली. ओस्नात चाळिशीची, त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. टेबलावर शेवटचा गठ्ठा होता.

"एल्काना, दोनशे चाळीस चिठ्ठ्या," ती म्हणाली. "भांडण किती? शून्य."

"पटलं आमचं. म्हातारपणी पटतं."

"तुमचं? तिरझाबाईंशी?" ती हसली, पण हसू टिकलं नाही. "तुम्ही दोघं चहात साखर किती यावर भांडायचात. बसा."

तिने दिव्याखाली एक चिठ्ठी तिरपी धरली. पुसलेल्या पेन्सिलीचा वळ कागदात उमटलेला होता. एल्कानाने चिठ्ठीकडे पाहिलंच नाही. सगळं सांगून टाकलं, चहाच्या डब्यापासून. बोलताना त्याचा आवाज चढला, मग फुटला. ओस्नातने दार लावून घेतलं आणि त्याला रडू दिलं.

"मला का नाही सांगितलंत?" शेवटी ती म्हणाली.

"तू तिचं नाव काढलं असतंस."

"काढावं लागेलच आता. दुसरा वाचक नसताना आम्ही असल्याचं छापणार का? मला फक्त एक तारीख द्या. कुठल्या दिवसापर्यंत त्यांचं वाचन धरायचं. त्यानंतरच्या चिठ्ठ्या नव्याने वाचून घेऊ."

"शरद ऋतूच्या सणांपर्यंत," तो लगेच म्हणाला. "हा गठ्ठा सोडून दे. यात ती नाहीच."

ओस्नातने बाजूला काढलेल्या चिठ्ठ्या त्याच्यासमोर ठेवल्या. "एकतीस ठिकाणी तुम्ही पुसलंय. मी सगळ्या पुन्हा वाचल्या. एकोणीस ठिकाणी बाईंचं खरंच चुकलं होतं. या बारा बघा."

सगळ्यात वरची एका विधवेच्या पत्रातली होती. 'आहाव्ती या घरावर', पुढच्या बाजूला एवढंच. एल्कानाने उभी रेघ ओढली होती. माझं या घरावर प्रेम आहे.

"उलटा," ओस्नात म्हणाली.

पाठीवर उरलेलं वाक्य होतं. 'वडील होते तोवर, आणि आता त्याच्या दारावरूनही मी जात नाही.' सरलेलंच होतं. तिरझाची आडवी रेघ बरोबर होती. त्याने दुसरी उलटली, तिसरी उलटली. सगळीकडे तेच. तिने पाठ वाचली होती, त्याने नाही. त्याला सगळं अजून उभं हवं होतं, म्हणून पुढची बाजू वाचल्यावर चिठ्ठी उलटायला त्याचे हात सरकलेच नव्हते. आणि ज्या रेघांना तो आजार समजत होता त्यातलं तिचं शेवटचं खरं काम त्याने स्वतःच्या रबराने पुसलं होतं.

"तारीख उद्या सांगितलीत तरी चालेल," ओस्नात म्हणाली.

ती विधवेची चिठ्ठी तिने त्याला पाकिटात घालून दिली. एकदा जमा झालेली चिठ्ठी पुन्हा बाहेर द्यायचा नियम नव्हता हे दोघांनाही ठाऊक होतं.

घरी शेजारच्या झोहराबाई तिरझाजवळ बसल्या होत्या. "सकाळपासून सगळ्यांच्या पाठी बघतेय," त्या चपला घालत म्हणाल्या. "बशीची पाठ, उशीची पाठ. मला म्हणाली तुम्ही पण वळा. वळले बाई. काय करते?"

एल्काना टेबलाशी बसला. आठवडाभर ती त्याला ओळखत नव्हती. त्याला नावाने हाक नव्हती, 'तू' नव्हतं. जगात त्याला 'तू मूर्ख आहेस' असं प्रेमाने म्हणणारं एकच माणूस, ते आता त्याला अहोजाहो करत होतं. याची त्याला सवय होत नव्हती.

त्याने चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली. तिने पुढची बाजू वाचली, ओठ हलवत. मग चिठ्ठी उलटली. पाठ वाचली. पुन्हा सरळ केली. बोट उभ्या रेघेवर थांबलं.

"हे चुकलंय," ती म्हणाली. "हिचं प्रेम होतं. आता नाही. मागे लिहिलंय ना स्पष्ट."

"हो."

"आणि इथे खाली काहीतरी खोडलंय." तिने कागद उजेडाकडे तिरपा धरला, अगदी ओस्नातने धरला तसा. "कुणी खोडलं?"

"मी."

तिच्या कपाळाला आठी पडली. चुकलेल्या शिकाऊ पोराकडे ती जशी पाहायची तशी. "अहो, दुसऱ्या वाचकाच्या खुणेला हात लावायचा नसतो. नवीन आहात का? कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं होतं," तो म्हणाला. "चुकलं माझं."

"मला कशाला सांगता? तिला सांगा." तिने सहीवर बोट ठेवलं, स्वतःच्याच. "हिला ओळखता ना तुम्ही?"

"ओळखतो," एल्काना म्हणाला.

"मग झालं." तिने ड्रॉवर उघडला. चमचे, सुतळी, औषधाच्या पट्ट्या यांतून पेन्सिल नेमकी शोधून काढली आणि त्याच्या हातात दिली. "करा नीट."

त्याने उभी रेघ पुसली. पुसलेल्या वळावरून, तिच्याच वळावरून, आडवी रेघ ओढली. तिने मान डोलावली, चिठ्ठी घेतली आणि पुन्हा एकदा पाठ तपासली. मग ती उठून खिडकीशी गेली आणि काचेवरच्या पुसट डागाला नखाने खरवडत बसली. थोड्या वेळाने वळून तिने विचारलं, या घरात एल्काना नावाचं कुणी राहतं का.

दुसऱ्या दिवशी ओस्नातने तिरझाचं वाचन कुठवर धरायचं त्या तारखेचा कागद पुढे केला. एल्कानाने त्यावर कालची तारीख लिहिली.