वॉर्डाच्या दाराआधीचा प्रश्न

ताई मनोरुग्णालयात समाजसेविका. कामावर वाघीण, घरी मात्र धाकट्या भावापुढे शेळी. दोन वर्षांपूर्वी तिनेच त्याला भरती केलं होतं, फॉर्मवर सही तिचीच. तो बरा झाला, नोकरीला लागला. पण तिच्याशी बोलणं भाजीत मीठ कमी आहे इतपतच. त्याने एकदा कडाकडा भांडावं, एवढंच तिला हवं होतं. पण तो कसला भांडतोय!

तर या ताईने संशोधन करायला घेतलं: वॉर्डात रुग्णांवर होणारी जबरदस्ती, त्यांच्याच तोंडून. मुलाखतीच्या प्रश्नांचा पहिला खर्डा मार्गदर्शक बाईंनी परत केला.

"'बांधलं तेव्हा वाईट वाटलं का?' यावर माणूस 'हो' म्हणेल आणि गप्प बसेल. 'तेव्हा काय झालं, सांगाल?' असं विचारा. आणि जबरदस्ती हा शब्द आपण आधी काढायचा नाही. ते काय म्हणतात ते ऐकायचं."

ताईने सगळं बदललं. बांधणं, इंजेक्शन, कुलूप, 'ऐकलं नाहीस तर घरी सोडणार नाही' ही दटावणी, सगळ्याबद्दल सांगता येईल अशी प्रश्नांत सोय केली. कुणाला त्रास झाला तर मुलाखत तिथेच थांबवायची, हेही लिहिलं.

सोबत स्वतःबद्दल टिपण हवं होतं: आपला या विषयाशी काय संबंध, त्यामुळे आपल्याला काय दिसणार नाही. ताईने ठोकून दिलं, "वॉर्डात नोकरी, म्हणून कर्मचाऱ्यांची बाजू घेण्याचा धोका." भावाबद्दल अळीमिळी गुपचिळी.

मग प्रश्न तपासायला एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या, पूर्वी भरती झालेल्या. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"चांगलं आहे. पण तुमचं सगळं वॉर्डाच्या दारापासून सुरू होतं. मी दारापर्यंत उडत आले काय? नवऱ्याने आणि दिराने गाडीत कोंबलं मला. नर्सबाईंना मी कधीच माफ केलं. या दोघांना अजून नाही."

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय, सगळ्यांची हजेरी घेतली होती तिने. घरचे तेवढे सुटले होते. तिने पहिलाच प्रश्न नवा घातला, "घरून निघालात तेव्हापासून सांगाल?" आणि टिपणात लिहिलं, "माझ्या भावाला मी भरती केलं. म्हणून हा प्रश्न मला सुचला नाही."

घरी भाऊ भांडी घासत होता. तिने प्रश्नांचा आणि टिपणाचा कागद पुढे केला. "मुलाखत नाही ही. तुझं काही यात जाणार नाही. फक्त वाच."

त्याने हात पुसून वाचलं. "कुठे चाललोय म्हणून सांगितलं होतंस मला?"

"दातांच्या डॉक्टरकडे."

"दाढ ठणकत होती म्हणून मी लगेच चपला घातल्या. तुझ्याआधी गाडीत जाऊन बसलो." त्याने गालावर बोट ठेवलं. "अजून ठणकते. तिथे कुणी बघितलीच नाही."

ताईला रडू आवरेना. त्याचा आवाज चढत गेला, शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली, आणि ताईने मध्ये एक अक्षर काढलं नाही.