वूफरची जागा

माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर वेडंवाकडं. चौथीनंतर हाती पेन फारसं आलंच नाही. कुणी चुकून हे वाचलं, तर तेवढं सांभाळून घ्यावं.

आर्णीला माझ्या नवऱ्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. कापसाला भाव नव्हता त्या सालात दुकानातून एकच होम थिएटर विकलं गेलं. घाटंजीच्या एका बियाणं-औषधाच्या दुकानदाराने घेतलं, तेही रोखीने. ते पैसे माल देणाऱ्या नागपूरच्या व्यापाऱ्याला आणि दुकानाच्या थकलेल्या भाड्यात गेले. पुढे त्या शेठचा फोन आला, "नुसतं घुमते, बोलणं समजत नाही. सामान घेऊन जा आन् पैसे वापस करा."

पैसे परत करायचे म्हणजे दुकान सोडायचं. नवरा म्हणाला, "आवाज बसवून देतो, मंग काय बोलन तो? तू बी चाल." अँटेना लावताना शिडीवरून पडल्यापासून त्याचा गुडघा वाकत नव्हता, आणि या कामाला जमिनीवर वाकावं लागतं. परक्या घरात मी कधी जात नसे. पण गेले.

शेठची खोली लहानच. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. मागे लावायचे दोन्ही स्पीकर घरच्यांनी शोकेसमध्ये टीव्हीजवळ मांडले होते, दिसायला बरे म्हणून. वूफर, म्हणजे जड आवाजाचा मोठा डबा, कोपऱ्यात नवऱ्यानेच सेट देताना घाईत ठेवला होता. कोपऱ्यात तो फार घुमतो. नवऱ्याने सोफा हातभर पुढे ओढायला लावला. ते दोन स्पीकर आजूबाजूच्या भिंतींवर ठोकले, बसणाऱ्याच्या किंचित मागे आणि कानापेक्षा दोन वीत उंच.

मग वूफर उचलून सोफ्यावर, शेठच्या बसायच्या जागी ठेवला आणि ढोलाचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा लावला.

"आता भिंतीभिंतीनं रांगत जाय," तो मला म्हणाला. "कान खाली ठेव. जिथं ढोल ना फुगन ना दबन, तिथं थांब. वूफर तिथं ठेवला का सोफ्यावर तसाच ऐकू येते."

डोक्यावरचा पदर दातात धरून मी रांगू लागले. शेठ हसून म्हणाले, "वहिनी, काही हरवलं काय?" मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. कोपऱ्यात ढोल छातीवर बसत होता, बाजूच्या भिंतीच्या मधोमध जवळजवळ नाहीसाच होत होता. टीव्हीच्या डाव्या अंगाला, कोपऱ्यापासून तीनेक हात अलीकडे, तो मोकळा झाला. मी तिथे बोट ठेवलं.

वूफर तिथे आला. सोफ्यापासून एकेका स्पीकरचं अंतर मी टेपने मोजून सांगितलं, नवऱ्याने ते स्पीकर चालवणाऱ्या डब्यात, रिसीव्हरमध्ये भरलं आणि सगळ्यांचा आवाज सारखा केला. सिनेमा लावला. माणसांचं बोलणं स्वच्छ आलं, गाडी मागून पुढे निघून गेली. नवऱ्याचं तोंड फुललं. शेठ मात्र उठून ओसरीवर गेले.

त्यांच्या बायकोने मला चहाला आत बोलावलं. कपबश्या मांडता मांडता हळूच म्हणाली, "ताई, यायनं उधारीवर बियाणं वाटलं. वसुली नाही, आन् कंपनीवाले रोज दारात. पैसे वापस मांगायची लाज वाटते म्हणून आवाजाचं निमित्त काढलं. आता आवाजही बसला. आता काय सांगतीन हे?"

मी चहा तसाच ठेवून ओसरीवर आले. नवरा विचारत होता, "बोला शेठ, घुमते काय आता?"

शेठ खाली बघत होते. मीच बोलले. परक्या पुरुषासमोर आपण होऊन मी पहिल्यांदाच बोलले असेन.

"घुमते अजून. खोली लहान पडते. हा सेट इथं नाही बसत."

"तुले काय समजते?" नवरा कडाडला.

"रांगली तं मीच न."

शेठ म्हणाले, "वहिनी बराबर सांगून राह्यल्या."

आम्ही भिंतीतले स्क्रू काढले आणि सेट परत घेतला. नवऱ्याने पाडलेली भोकं तशीच राहिली. घरी मी सगळं सांगितलं, तेव्हा नवरा म्हणाला, "मंग मले कोपऱ्यात घेऊन सांगाव न. लोकायसमोर माह्या कामाची माती केली तू."

दुकान सुटलं. तो घराच्या ओट्यावर दुरुस्ती करू लागला, मी कापूस वेचायला जाऊ लागले. थोडेथोडे पैसे घाटंजीला पोचवत राहिलो. सेट बरेच दिवस आमच्या पलंगाखाली होता. शेवटी राजूरच्या एका खाणकामगाराने घेतला. तो बसवायला नवरा मला घेऊनच गेला. "चाल, रांगाले," एवढंच म्हणाला.

त्याच पैशांतून शेठचा शेवटचा हप्ता नेऊन दिला. त्यांनी तो न मोजता खिशात घातला. शेठचे पैसे पुरते फिटले; नवऱ्याचं देणं अजून आहे.