आण्णांनी उतरवून घेतलेला पत्ता

माझ्या वडिलांना साधा इंग्रजी पत्ता उतरवून घेता येत नाही, असं मी काही महिने धरून चाललो होतो. नुसतं मनात नाही, तसं तोंडावर बोलूनही दाखवत होतो. तोंडावर म्हणजे फोनवर. मी अमेरिकेत एका विद्यापीठात शिकत होतो आणि आण्णा साताऱ्यात बसून माझ्यासाठी मुलगी बघत होते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. एका लग्नात आईला सांगलीची एक मुलगी फार आवडली होती. तिच्या घरच्यांची ओळख सांगलीतल्या एका वधूवर केंद्राच्या बाईंशी होती. बाईंनी नुकतीच केंद्राची वेबसाइट काढली होती आणि परदेशातल्या मुलांची नोंदणी पालकांनी सांगलीला येऊन त्या वेबसाइटवरच करायची असा नियम केला होता. नोंदणीला मुलाचा ईमेल हवाच. "नोंदणी झाली की मी स्वतः मुलीकडच्यांशी बोलते," असं बाईंनी आण्णांना सांगितलं होतं. म्हणजे सगळं घोडं त्या ईमेलपाशी अडलं होतं.

आण्णा फौजेत सिग्नलमध्ये होते. मी फोनवर एकेक अक्षर सांगितलं आणि त्यांनी ते वायरलेसवर म्हणावं तसं मला परत म्हणून दाखवलं, अल्फा, ब्राव्हो करत. मला ते ऐकायला लाज वाटत होती. खोलीत दोन मित्र बसले होते. मी न ऐकताच "हो, हो, बरोबर" म्हणत गेलो.

पत्ता जरा लांबलचक होता, हे खरं. आमच्या विद्यापीठाच्या सर्व्हरवर आपल्या नावापुढं अधिकचं चिन्ह देऊन काहीही शब्द जोडला, तरी पत्र आपल्यालाच मिळायचं. मी अधिकपुढं 'घर' असं जोडलं होतं, म्हणजे स्थळांची पत्रं आपोआप वेगळ्या कप्प्यात पडतील. मला माझ्या या युक्तीचं कौतुक होतं. त्यापुढं ॲट, मग विभागाचं नाव, टिंब, विद्यापीठाचं नाव, टिंब, आणि शेवटी ईडीयू.

आण्णा एसटीनं सांगलीला जाऊन आले. पुढच्या रविवारी फोनवर म्हणाले, "न्हाई घेत रं त्यो कंप्यूटर. लाल अक्षरात चुकीचा पत्ता म्हनतोय."

"तुम्ही चुकीचं उतरवलंय, आण्णा. नीट बघून लिहा."

ते पुन्हा गेले. पुन्हा तेच. मी आवाज चढवला. पत्ता रोज वापरतो मी, त्यावर ढीगभर पत्रं येतात, तो चुकीचा कसा असेल? त्यांनी कधी उलट उत्तर दिलं नाही. "आसंल गड्या, आमचंच कायतरी चुकत आसंल," एवढंच म्हणायचे. ते नंतरही सांगलीला जात राहिले.

सुट्टीत घरी आलो तसं मीच त्यांना घेऊन सांगलीला गेलो. जाताना एसटीत त्यांनी खिडकीबाहेर बघत मला सांगितलं की बाईंना आता संशय यायला लागलाय. मुलगा खरा पत्ता देत नाही, म्हणजे तिकडं काहीतरी लपवण्यासारखं असणार, असं त्या चार लोकांत म्हणाल्या होत्या. आण्णांनी ते ऐकून घेतलं होतं. मला राग आला, आणि सांगायला नको, तोही आण्णांचाच आला.

केंद्र वरच्या मजल्यावर होतं आणि खाली एक कॉम्प्युटर क्लास. ज्यानं ती वेबसाइट केली होती तोच क्लास चालवायचा. माझ्याच वयाचा, सभ्य माणूस. फॉर्म भरायला आणखी दोन कुटुंबं बाकावर बसली होती. आण्णा खिशातून पत्त्याचा कागद काढायला लागले.

"राहू द्या तो," मी म्हणालो. "तुम्ही बाजूला बसा. मीच करतो आता, एकदाचं मिटवू."

मी हे मुद्दाम जरा मोठ्यानं म्हणालो. बाकावरच्यांना कळावं की इतक्या दिवसांचा घोळ माझा नव्हे. आण्णा बाकाच्या टोकाला जाऊन बसले.

मी पत्ता टाइप केला. बटण दाबलं. मोडेमवरून पान हळूहळू उतरलं आणि वर लाल अक्षरांत आलं, इनव्हॅलिड ईमेल ॲड्रेस.

पुन्हा केला, एका बोटानं, एकेक अक्षर बघून. पुन्हा तेच. माझे कान तापले. मागून आण्णा हळूच म्हणाले, "त्यो अधिक जरा जोरात दाब रं, कवा कवा उमटत न्हाई." त्यांना खरंच मदत करायची होती.

क्लासवाल्यानं प्रोग्रॅम उघडून दाखवला. पत्ता तपासणारी एकच ओळ होती. ॲटच्या आधी फक्त अक्षरं, आकडे आणि खालची रेघ चालेल. ॲटनंतर एकच शब्द, एकच टिंब आणि पुढं दोन किंवा तीन अक्षरं, खलास. माझा अधिक तिथं बसत नव्हता. अधिक काढला असता तरी पत्ता बसला नसता, कारण ॲटपुढं माझ्याकडं दोन टिंबं होती.

"इथं सगळ्यांचे पत्ते फुकटच्या मेलचे असतात," तो ओशाळून म्हणाला. "नाव, ॲट, कंपनी, डॉट कॉम. सगळे बसले, त्यामुळं मला कधी कळलंच नाही."

आम्ही दोघांनी मिळून ती ओळ बदलली. आधीच्या भागातल्या चौकटी कंसात, म्हणजे चालणाऱ्या चिन्हांच्या यादीत, अधिक घातला. लाल अक्षरं गेली नाहीत. मग पुढच्या भागात शब्द आणि टिंब ही जोडी हवी तितक्या वेळा येऊ दिली, शेवटच्या अक्षरांवरची वरची मर्यादाही काढून टाकली, आणि फाइल पुन्हा सर्व्हरवर चढवली. या खेपेला नोंदणी झाली. एवढंच काम होतं. मला कुणाकडंही बघवेना.

आण्णा उठून उभे राहिले आणि जिना चढून बाईंना सांगायला गेले. मी मागोमाग गेलो. बाई म्हणाल्या, "अहो, तुम्हाला उशीर झाला. त्या मुलीची मागच्या आठवड्यात सुपारी फुटली." त्यांचा स्वर वाईट नव्हता. त्यांनी दुसरी स्थळं दाखवायची तयारी दाखवली. आण्णा "बरं" म्हणाले आणि टोपी नीट केली.

परतीच्या गाडीत कऱ्हाड आलं तसं आण्णांनी खिशातला पत्त्याचा कागद काढून माझ्यापुढं धरला. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे मी लिवलेलं बरोबर हुतं?"

"हो. पहिल्यापासून बरोबर होतं."

'चुकलं माझं' एवढं पुढं म्हणायचं होतं. तेवढ्यात कंडक्टर शेजारी येऊन उभा राहिला आणि ते तिथंच राहिलं. खरं तर कंडक्टर निघून गेल्यावरही सातारा यायला पुष्कळ वेळ होता.

घरी आई चहा टाकून वाटच बघत होती. स्थळ गेल्याचं ऐकत ऐकत तिनं चहा गाळून आमच्यापुढं ठेवला. मग तिनं विचारलं, "आवं, पर चूक कुनाची निघाली शेवटी?"

मी तोंड उघडायच्या आत आण्णा म्हणाले, "माझीच. एक अक्षर चुकीचं लिवलं हुतं."

आईनं माझ्याकडं बघितलं. "मी म्हनतच हुते," ती म्हणाली, "तू कसा चुकशील?"

आण्णा पाय धुवायला बाहेर गेले. मी चहा बशीत ओतला आणि पिऊन टाकला.