जूनचा रिकामा रकाना

माझी आई लाँड्रीत बिलं करते. लाँड्री म्हणजे शर्टाला इस्त्री मारून देणारं दुकान नव्हे. इथे हॉटेलांच्या चादरी, अभ्रे आणि टॉवेल धुतले जातात. मागे यंत्रं घरघरत असतात आणि पुढे काचेच्या खोलीत आई बसते. काचेवर सतत वाफ धरते, त्यामुळे बाहेरून आई अर्धीच दिसते. तिच्याशी हुज्जत घालायला आलेल्या माणसाला उरलेली अर्धी आत गेल्यावर कळते.

बाबा एका हॉटेलात हिशेब बघतात. त्या हॉटेलाचं कापड आईच्याच लाँड्रीत येतं. म्हणजे आई छापील नमुन्यावर हाताने बिल लिहायची, बाबा ते तपासून मंजुरीला पाठवायचे, आणि दोघं संध्याकाळी एकाच घरी यायचे. सोळा वर्षं यात कुणालाही काही वावगं दिसलं नाही. मग हॉटेलात नव्या मॅनेजरबाई आल्या आणि त्यांना पहिल्याच महिन्यात दिसलं.

त्यांना दिसलं ते असं. बाबांच्या आवक नोंदवहीत जुलै महिन्यात लाँड्रीची दोन बिलं होती. दोन्ही अडतीस हजार चारशेची, दोन्हींचे पैसे गेलेले. बिल करणारी बायको, पास करणारा नवरा. बाईंनी आरोप केला नाही. त्यांनी फक्त बाबांना समोर बसवून लाँड्रीला पत्र लिहायला सांगितलं. बाबा इतके घाबरले, की त्यांनी ते पत्र गरजेपेक्षा दुप्पट कडक लिहिलं. 'महोदया, आपण एकाच कामाचे दोनदा बिल आकारल्याचे निदर्शनास आले आहे. सदर रक्कम परत करावी. तोपर्यंत ऑगस्टचे बिल रोखून ठेवण्यात येत आहे.' सोबत नोंदवहीच्या पानाची प्रत, खाली बाबांची सही. लग्नानंतर त्यांनी आईला लिहिलेलं हे पहिलंच पत्र.

घरी दोघांनी एकमेकांशी थेट बोलणं सोडलं. दोघांनी मला मध्ये बसवून घेतलं.

"बाबांना विचार, उद्या डबा हवाय का."

"सांग, हवाय. आणि हेही सांग, की पत्र वरून सांगितलं म्हणून लिहिलं."

"सांग, ऑफिसचं ऑफिसात."

मी दोघांना सांगितलं, की मला अभ्यास आहे. खरं तर माझी परीक्षा होऊन गेली होती.

लाँड्रीचे मालक मवाळ माणूस. भांडणापेक्षा नुकसान बरं, असं त्यांचं एकंदर धोरण. ते आईला म्हणाले, "ताई, एका महिन्याचं सोडून देऊ. गिऱ्हाईक मोठं आहे. सूट म्हणून दाखवू."

"सूट नाही दिसणार ती," आई म्हणाली. "मी दोनदा बिल केलं, हे आपणच लिहून दिल्यासारखं होईल. आणि आमच्या ह्यांनी ते डोळे झाकून पास केलं, हेही. मग उद्यापासून आम्ही दोघंही घरी."

मालक म्हणाले, "मग काय ते तुम्हीच लिहा."

आईने लिहायला दोन दिवस घेतले. ते पत्र मी वाचलंय. त्यात रागाचा एक शब्द नाही, आणि आई किती रागावली होती ते मला माहीत आहे, म्हणून वाचताना अंगावर काटा येतो. आधी करारातलं कलम: महिन्याला निदान बत्तीसशे नगांचे पैसे, नगाला बारा रुपये, कर धरून. माल कमी आला तरी किमान आकार तेवढाच. मग एक तक्ता. बिल क्रमांक ४०७, जूनचं काम, बिलाची तारीख तीस जून, धुतलेले नग २,९१०, आकार ३८,४००. बिल क्रमांक ४३१, जुलैचं काम, तारीख एकतीस जुलै, नग ३,०५५, आकार ३८,४००. दोन्ही महिने मंदीचे, दोन्हीकडे किमान आकार लागला, म्हणून रक्कम सारखी. प्रत्येक बिलामागे त्या त्या महिन्याची माल पोचवल्याची चलनं, हॉटेलातल्या माणसाच्या सह्यांसकट. शेवटी बँकेचा उतारा. दोन भरणे, वेगवेगळ्या तारखांचे, वेगवेगळ्या व्यवहार क्रमांकांचे. आणि प्रत्येक भरण्याबरोबर हॉटेलानेच पाठवलेली सूचना: एकीत लिहिलंय 'बिल ४०७ पोटी', दुसरीत 'बिल ४३१ पोटी'. एकाच बिलाचे पैसे दोनदा आलेले नाहीत.

इथवर पत्र संपायला हरकत नव्हती. पण मग जुलैत दोन बिलं कशी, हा प्रश्न तसाच राहिला असता, आणि त्याचं उत्तर बाबांनीच जोडलेल्या पानावर होतं. जूनचं बिल हॉटेलात पोचलं दोन जुलैला. जुलैचं पोचलं एकतीस जुलैला. नोंदवहीत कामाचा महिना लिहायच्या रकान्यात बाबांनी बिल पोचल्याचा महिना लिहिला होता. त्यामुळे जुलै दोनदा आला आणि जून कोरा राहिला. हॉटेलाने जूनमध्ये एकही चादर धुवायला दिली नाही, असं ती वही सांगत होती.

आई घरात कर्ता कधी गाळत नाही. आमच्याकडे दूध उतू जात नाही, 'तू दूध उतू घालवलंस' असतं. त्या पत्रात मात्र तिने लिहिलं, 'जूनच्या बिलाची नोंद करताना महिन्याच्या रकान्यात पोचल्याचा महिना लिहिला गेला.' लिहिला गेला. कुणी, ते नाही.

पुढचं मला बाबांनी सांगितलं. आईला विचारलं तर ती म्हणाली, पत्र वाच, सगळं त्यात आहे.

मॅनेजरबाईंनी मालकांना आणि आईला हॉटेलात बोलावलं. बाबा होतेच. बाईंनी चलनांवरच्या सह्या पाहिल्या, बँकेचे क्रमांक आपल्या उताऱ्याशी ताडून पाहिले, दोन्ही सूचना शेजारी ठेवल्या. मालकांना म्हणाल्या, "महिन्याचा रकाना बिलाच्या कोपऱ्यात बारीक छापता तुम्ही. मोठा छापा." मालकांनी लगेच मान डोलावली. ते याहून वाईट ऐकायच्या तयारीने आले होते.

मग बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"लिहिला गेला. कुणाकडून?"

आई तक्त्याकडे बघत राहिली.

"माझ्याकडून," बाबा म्हणाले. "वही माझी, अक्षर माझं. मी चुकलो."

बाईंनी पत्र उचलून बाबांना विचारलं, "हे पत्र घरी दाखवलं होतं तुम्हाला?"

"नाही. दाखवलं असतं तर मी तिला माझं नाव घालायला लावलं असतं."

"लावलं असतं तरी घातलं नसतं," आई म्हणाली. त्या खोलीत ती एवढंच बोलली.

बाईंनी दावा मागे घेतल्याचं पत्र त्याच दुपारी दिलं आणि ऑगस्टचं बिल मोकळं केलं. दोघांच्याही नोकऱ्या राहिल्या. फक्त लाँड्रीची बिलं यापुढे बाबांकडे येणार नाहीत, ती दुसरा माणूस तपासेल, असं त्यांनी ठरवलं. त्यांचं म्हणणं योग्यच होतं आणि आईनेही ते योग्यच आहे असं सांगितलं.

बाबांना मात्र ते लागलं. मी म्हटलं, बरं झालं की, एक काम कमी. तर म्हणाले, "काम कसलं? दर महिन्याला तुझ्या आईचं अक्षर यायचं माझ्या टेबलावर." मग त्यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला.